पहाटेचा मेकअप: पोहोचायची वेळ उलटी मोजून काढा

प्रश्न: ताई, पुढच्या आठवड्यात माझं पहिलंच पहाटेचं काम आहे. लग्नाचा विधी सकाळी १० वाजता, पण फोटोग्राफरला नवरी ८.३० ला पूर्ण तयार हवी. नवरी, तिची आई, बहीण, वहिनी आणि मावशी अशा पाच जणी. मेकअप मी करणार, केसांसाठी एक मदतनीस सोबत. घरचे म्हणतात, साडेपाचला आलात तरी चालेल. मी किती वाजता पोहोचू, प्रत्येकीला किती वेळ धरू आणि हे सगळं आधी पक्कं कसं करू?

उत्तर:

पहाटे ४.३० ला दारात आणि ५.०० ला पहिला ब्रश चेहऱ्यावर. साडेपाच चालणार नाही. का चालणार नाही ते आधी मांडते, कारण हेच गणित तुम्हाला घरच्यांनाही दाखवावं लागेल.

माणसं मोजून आणि प्रत्येकीचा वेळ धरून बेरीज केली की उत्तर हमखास चुकतं. वेळ नेहमी शेवटाकडून मागे मोजायची, आणि तीही नवरीची. तुमच्याकडे शेवट १० चा नाही, ८.३० चा आहे. विधीची वेळ पत्रिकेवर छापलेली असते म्हणून सगळे तीच सांगतात. पण आपल्या कामाचा शेवट म्हणजे नवरी फोटोग्राफरच्या हाती देण्याची वेळ. तुम्ही ती आधीच विचारून घेतलीत, हे फार चांगलं केलंत.

आता ८.३० वरून मागे या. शेवटची १५ मिनिटं राखीव, त्यांत काहीही लिहायचं नाही. म्हणजे ८.१५ ला नवरी उभी. त्याआधी पोशाख आणि दागिने यांना अर्धा तास, म्हणजे ७.४५ ला मेकअप संपलेला. नवरीच्या मेकअपला मी ७५ मिनिटं धरते, म्हणजे ६.३० ला ती तुमच्या खुर्चीत. तिचे केस ४५ मिनिटांचे. ते मेकअपच्या आधी, ५.३० ते ६.१५, मदतनिसाच्या हातात.

केस आधी का, हे सांगायला हवं, कारण पहाटेच्या कामात त्याला खास कारण आहे. झोपेतून उठल्यावर डोळ्यांखाली आणि पापण्यांवर सूज असते. रात्रभर आडवं राहिल्यामुळे पाणी तिथे साठलेलं असतं, आणि बसून-चालून तास-दीड तास गेला की ते बरंचसं उतरतं. नवरी ५ ला उठली आणि ६.३० ला तुमच्यासमोर आली, तर पापणीचा खरा आकार तुम्हाला दिसतो. ५.१५ ला घेतलीत तर सुजलेल्या पापणीवर रेघ आखाल आणि सूज उतरल्यावर दोन डोळ्यांच्या रेघा वेगवेगळ्या दिसतील. शिवाय कर्लिंगची उष्णता आणि हेअरस्प्रेचा फवारा तयार मेकअपवर बसत नाही, हा दुसरा फायदा. मात्र केस आधी केले की नवरीच्या अंगात पुढून बटणं असलेला शर्ट हवाच. डोक्यावरून काढायचा कपडा असेल तर ७.४५ ला ४५ मिनिटांचं काम एका झटक्यात जातं.

आता बाकीच्या चौघी. आईंना ४० मिनिटं मेकअपची, बहीण, वहिनी आणि मावशी यांना प्रत्येकी ३०. केसांना प्रत्येकी २०. दोघींच्या मध्ये ५ मिनिटं ब्रश आणि पॅलेट स्वच्छ करायला. ही ५ मिनिटं सोडून देण्याचा मोह होतो, पण तो टाळा. एकीच्या डोळ्यांना लागलेला ब्रश तसाच दुसरीच्या डोळ्यांना लावायचा नसतो.

मग तुमचा स्वतःचा दिवस असा जातो. ५.०० ते ५.४० आई. ५.४५ ते ६.१५ बहीण. मग १५ मिनिटं मोकळी. ६.३० ते ७.४५ नवरी. ७.४५ ते ८.१५ पोशाख आणि दागिने, तुम्ही दोघी मिळून. ८.३० ला नवरी खोलीबाहेर. ८.३५ ते ९.०५ वहिनी आणि ९.१० ते ९.४० मावशी. विधीला २० मिनिटं शिल्लक. मदतनिसाकडे ५.०० ते ५.२० बहिणीचे केस, ५.३० ते ६.१५ नवरीचे, ६.२० ते ६.४० आईंचे, ६.४५ ते ७.०५ वहिनींचे, ७.१० ते ७.३० मावशींचे. उरलेल्या १५ मिनिटांत तिने नवरीच्या पोशाखाला इस्त्री झाली आहे का ते पाहायचं, दागिने घालायच्या क्रमाने मांडून ठेवायचे आणि पिना मोजून ट्रेमध्ये काढायच्या. ८.३० नंतर ती टचअपचा छोटा पाऊच घेऊन नवरीसोबत फोटोंना जाते आणि तुम्ही खोलीत राहता.

हाच क्रम का घेतला? आई आणि बहीण पहिल्या फोटोंत नवरीशेजारी असतात, म्हणून त्या आधी. वहिनी आणि मावशी थोड्या उशिरा आल्या तरी चालतं. चौघींनाही नवरीच्या आधी करायचं ठरवलं असतं तर ६.३० वरून मागे मोजताना सुरुवात ३.५० च्या आसपास आली असती. माणसाला ते जमतं, पण ३.५० ला केलेला मेकअप विधीला उभं राहीपर्यंत सहा तासांचा होतो. ज्यांना ९.३० पर्यंत कुठेच दिसायचं नाही, त्यांचा मेकअप इतका आधी करणं म्हणजे स्वतःचं काम स्वतः शिळं करणं.

आता घरच्यांचं साडेपाच. ५.३० ला पोहोचून ६.०० ला सुरुवात केली आणि हाच क्रम ठेवला तर नवरी ९.३० ला बाहेर येते, फोटोंचा पूर्ण तास जातो. क्रम बदलून नवरीला पुढे ओढलं, केस ६.०० ते ६.४५, मेकअप ८.०० पर्यंत, पोशाख ८.३० पर्यंत, तर ती वेळेवर निघते, पण राखीव एक मिनिटही राहत नाही. दरम्यान तुम्ही मोकळ्या असता त्या पाऊण तासात फक्त आई होतात. बहीण, वहिनी आणि मावशी ८.३५ नंतर एकामागून एक घेतल्या तर मावशी १०.१५ ला उठतात. विधी सुरू झालेला असतो आणि बहीण सुरुवातीच्या एकाही फोटोत नसते. हे दोन्ही हिशेब कागदावर मांडून त्यांना पाठवा. 'मला इतका वेळ लागतो' असं म्हटलं की लोक घासाघीस करतात. 'साडेपाचला आले तर मावशी सव्वादहाला तयार होतील' असं दाखवलं की घासाघीस थांबते.

पहाटे ४.३० खरंच शक्य नसेल, म्हणजे हॉल ५ च्या आधी उघडत नाही किंवा आईंना तेवढ्या लवकर उठणं झेपत नाही, तर उपाय एकच: मेकअप करणारा दुसरा हात. दुसरी आर्टिस्ट चौघींना एकामागून एक घेते, तिला मधल्या साफसफाईसह १४५ मिनिटं लागतात. ५.४५ ला सुरू केलं तर ८.१० ला चौघी तयार. म्हणजे ५.१५ ला पोहोचलं तरी भागतं आणि तुमचं नवरीचं ६.३० जागचं हलत नाही. केसांची अजून एक मदतनीस वाढवून मात्र काही मिळत नाही. केस तुमच्याकडे अडलेलेच नाहीत, अडलाय तो मेकअप. पुष्कळ जणी इथे चुकतात: हात वाढवतात, पण जिथे रांग लागली आहे तिथे नाही. एका डोक्यावर दोघींनी एकदम काम करून वेळ वाचेल असंही धरू नका. मागून केस ओढले जात असताना पापणीवर सरळ रेघ येत नाही.

नवरीची ७५ मिनिटं कुठून आली? तुमची संख्या वेगळी असू शकते. ती ट्रायलमधून काढायची, अंदाजाने नाही. ट्रायलच्या दिवशी मोबाइलवर घड्याळ लावा आणि प्रत्येक टप्पा संपला की वेळ टिपा. माझे टप्पे साधारण असे जातात. चेहरा साफ करणं, मॉइश्चरायझर आणि प्रायमर, हे मुरायला दिलेल्या वेळासह १० मिनिटं. डोळे २५. मग बेस, म्हणजे करेक्टर, कन्सीलर, फाउंडेशन आणि पावडर, २०. भुवया, ब्लश आणि कॉन्टूर ८. कृत्रिम पापण्या ७. ओठ आणि सेटिंग स्प्रे ५. डोळे बेसच्या आधी घेते, कारण गडद आयशॅडोची पूड गालावर पडते आणि तयार बेसवरून ती पुसताना बेसही निघतो.

ट्रायलमध्ये ६८ मिनिटं लागली तर लग्नाच्या दिवशी ६८ धरायची नाहीत. ट्रायलला नवरी एकटी आलेली असते, फोन बंद असतो, कुणी दार वाजवत नाही. लग्नाच्या सकाळी कुणी ना कुणी भेटायला येतं, नवरीचे डोळे एकदा तरी भरून येतात, आणि भरलेले डोळे कोरडे होईपर्यंत तुम्हाला थांबावंच लागतं. म्हणून मी ट्रायलच्या वेळेत दहा टक्के मिळवून पुढच्या पाच मिनिटांना नेते. ६८ ची ७५ तशी होतात. त्याहून जास्त धरणंही मला पटत नाही. मोकळा वेळ दिसला की माणूस डोळ्यांवर आणखी एक थर चढवतो आणि ट्रायलला नवरीने पसंत केलेला लूक हळूहळू बदलत जातो.

आईंना बहिणीपेक्षा दहा मिनिटं जास्त का, असं घरचे विचारतील. वय वाढलं की त्वचा कोरडी होते. मॉइश्चरायझर नीट मुरायच्या आत फाउंडेशन लावलं तर ते रेषांमध्ये साचतं, बारीक बारीक गोळे धरतं, आणि मग पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ती दहा मिनिटं थांबायची आहेत, रंगवायची नाहीत. चश्मा असेल तर तोही ट्रायलला किंवा आदल्या दिवशी विचारा. चश्म्याखाली पापण्या लांब लावल्या की काचेला टेकतात.

कुठे घाई चालते आणि कुठे चालत नाही, हे माहीत असलं की मधे दहा मिनिटं गेली तरी हात थरथरत नाहीत. पापण्यांच्या गोंदाला चिकटपणा यायला अर्धा मिनिट लागतं. ओला असताना पापणी टेकवली तर ती सरकते, कोपरा उघडा राहतो आणि तीन तासांनी सुटतो. तिथे घाई नाही. मॉइश्चरायझर मुरण्यात नाही. डोळ्यांच्या छटांमध्ये मात्र चार रंगांचे दोन केले तर पाच-सात मिनिटं सहज सुटतात आणि फोटोत ते कुणाला कळत नाही. कॉन्टूरही हलकं करता येतं.

उशीर होतोय हे कळायला ८ वाजेपर्यंत थांबू नका. पहिली खूण ५.४०: आई उठल्या का? दुसरी ६.३०: नवरी खुर्चीत बसली का? बहिणीचं काम लांबलं असेल तर मधली १५ मिनिटं वापरा, पण ६.३० ला हातातलं काम जिथे असेल तिथे थांबवा. बहिणीचे ओठ राहिले तर राहू द्या, पोशाखाच्या वेळी दोन मिनिटांत होतात. तिसरी खूण ७.०५: नवरीचे दोन्ही डोळे संपलेले हवेत. त्या वेळी एकच डोळा झालेला असेल तर तुम्ही दहा-बारा मिनिटं मागे आहात, आणि ती भरून काढायला अजून बेस, कॉन्टूर आणि राखीव वेळ हातात आहे. ७.३० ला लक्षात आलं तर फक्त राखीव वेळ उरतो.

पोहोचणं आणि सुरू करणं यांत मी अर्धा तास ठेवला आहे. नव्या मुली हा अर्धा तास लिहीतच नाहीत. गाडीतून बॅगा काढणं, लिफ्ट, खोली शोधणं, टेबल रिकामं करून घेणं, दिवे लावणं, हात धुणं, किट मांडणं, सगळं नीट झालं तरी २० मिनिटं जातात. म्हणून घरच्यांशी बोलताना 'साडेचारला येते' एवढंच म्हणायचं नाही. 'साडेचारला पोहोचते, पाचला आईंना बसवते' असं दोन वेळांत सांगायचं. नाहीतर तुम्ही ४.३० ला पोहोचता आणि आई ५.१५ ला अंघोळीला जातात, कारण त्यांच्या समजुतीने तुमची तयारी तासभर चालणार असते.

दिव्यांबद्दल थोडं सांगते, कारण पहाटेचा खरा फरक तिथे पडतो. ५ ला बाहेर अंधार असतो, खिडकीचा काही उपयोग नाही. हॉलच्या खोल्यांत बहुधा पिवळे दिवे असतात. त्यांत फाउंडेशन बरोबर जुळलेलं वाटतं आणि उजाडल्यावर चेहरा मानेपेक्षा पांढरट दिसतो. स्वतःचा पांढरा दिवा न्या, दिवसाच्या उजेडाच्या जवळचा, ५००० ते ५६०० केल्विनचा. तो चेहऱ्याच्या समोर ठेवा, फक्त डोक्यावरून पडणारा उजेड नको, डोळ्यांखाली सावल्या पडतात. खुर्ची अशी ठेवा की उजाडल्यावर खिडकी नवरीच्या समोर किंवा बाजूला येईल, पाठीमागे नको. बेस झाल्यावर, ७.२५ च्या सुमारास, दिवा बंद करून खिडकीशी मान, कान आणि चेहरा एकत्र पाहा. चुकलेली छटा तिथे दोन मिनिटांत सुधारते. नंतर फोटोग्राफरच्या स्क्रीनवर दिसली तर सुधारायला वेळच नसतो. फ्लॅशमध्ये एक मोबाइल फोटोही काढून पाहा. डोळ्यांखाली बारीक पांढरी पावडर जास्त झाली असेल तर साध्या डोळ्यांना दिसत नाही, फ्लॅशमध्ये पांढरे डाग उठतात.

आता पक्कं करण्याबद्दल. मी तीनदा करते. ट्रायलच्या दिवशी तोंडी आणि लेखी, लग्नाच्या सात दिवस आधी माणसांची संख्या बंद करायला, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ६ च्या आत. रात्री दहाला पाठवलेला मेसेज पाहुण्यांच्या गर्दीत कुणी वाचत नाही. मेसेज नवरीला पाठवायचाच, पण उत्तर घ्यायचं दुसऱ्या कुणाकडून, जी स्वतः पहाटे उठणार आहे आणि जिच्या हातात फोन असणार आहे. तुमच्याकडे ती बहीण आहे, कारण तिचे केस ५ ला आहेत.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते. मी पहाटे ४.३० ला एका हॉलच्या फाटकाशी उभी होते. वेळ पक्की होती, माणसं पक्की होती, सगळं लिहून दिलेलं होतं. फाटक बंद. पहारेकरी म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही. नवरीचा फोन सायलेंटवर, आईंचा चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. २५ मिनिटं मी बॅगा घेऊन रस्त्यावर उभी राहिले. माझी राखीव वेळ पहिला ब्रश उचलायच्या आतच संपली होती. नवरी बाहेर पडली वेळेवर, पण बहिणीच्या डोळ्यांना मी जे ठरवलं होतं ते करता आलं नाही, आणि ते मला आजही खटकतं. तेव्हापासून माझ्या मेसेजमध्ये दार कोण उघडणार ही ओळ वेळेच्या लगेच खाली असते.

पहाटेच्या वेळेत तारखेचाही घोळ होतो. रात्री साडेबाराला कुणी 'उद्या साडेचार' असं लिहिलं तर तो उद्या नक्की कोणता? म्हणून 'उद्या' हा शब्द मी वापरत नाही. वार, तारीख आणि 'पहाटे' हे तिन्ही लिहिते. तुमच्या कामासाठी बहिणीला मेसेज मी असा लिहिला असता:

'नमस्कार ताई. रविवार, (तारीख) पहाटे ४.३० ला मी आणि माझी मदतनीस हॉलवर पोहोचतो. ४.१५ ला मी तुम्हाला फोन करीन, तेव्हा फोनचा आवाज चालू ठेवा. फाटक कोण उघडणार त्यांचं नाव आणि नंबर मला आज पाठवा. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि चालू असलेले दोन प्लग लागतील, एक्स्टेंशन बोर्ड मी आणते. एकूण पाच जणी, क्रम असा: ५.०० आईंचा मेकअप आणि त्याच वेळी तुमचे केस. ५.३० नवरीचे केस. ५.४५ तुमचा मेकअप. ६.२० आईंचे केस. ६.३० नवरीचा मेकअप. ६.४५ वहिनींचे केस, ७.१० मावशींचे. ७.४५ नवरीचा पोशाख, ८.३० ला ती फोटोंना तयार. ८.३५ वहिनींचा मेकअप, ९.१० मावशींचा. सगळ्यांनी केस आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवलेले असावेत. आपल्या वेळेच्या १० मिनिटं आधी चेहरा धुऊन, पुढून बटणांचा कपडा घालून यावं. लेन्स वापरत असाल तर मेकअपला बसायच्या आधी घाला. या पाच जणींव्यतिरिक्त कुणाला वेळ देता येणार नाही, कारण तो वेळ नवरीचा जाईल. कृपया फाटक, खोली आणि क्रम या तिन्हींचं उत्तर लिहून द्या.'

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. अंगठ्याचं चिन्ह आलं की पक्कं झालं असं समजू नका. अंगठा म्हणजे मेसेज आला, वाचला असं नाही. तीन गोष्टींची तीन उत्तरं आली की वाचला. आली नाहीत तर त्याच संध्याकाळी ७ ला फोन करा आणि फोनवर क्रम मोठ्याने वाचून घ्या. बऱ्याचदा त्याच वेळी मागून आवाज येतो, 'अगं, पण मावशी तर सकाळी नऊलाच येणार आहेत!' मग तुमच्या मदतनिसाचा ७.१० चा वेळ रिकामा आणि ९ नंतर केस आणि मेकअप दोन्ही. हे आदल्या संध्याकाळी कळलं तर तक्ता बसवून घेता येतो: ९.१० ला मावशी मेकअपला बसतील, केस साधे बांधून पाच मिनिटांत. सकाळी कळलं तर फक्त भांडण होतं.

ओल्या केसांची ओळ गाळू नका. मुळाशी ओलसर असलेल्या केसांवर गरम इस्त्री फिरवली तर केस जळतात आणि कर्ल टिकत नाही. पहाटे धुऊन आलेले दाट केस वाळवायलाच २५-३० मिनिटं जातात. नवरीचे केस ५.३० चे ६.०० झाले तर तुमचं ६.३० गेलंच.

सहावी माणूस येणार, हे धरून चाला. 'फक्त थोडं काजळ आणि लिपस्टिक, दोन मिनिटांचं काम' अशी विनंती येतेच, आणि ती करणारी आत्या असो की मैत्रीण, तिचं वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं. पण तुमच्या तक्त्यात ९.४० च्या आधी मेकअपला एकही पूर्ण जागा नाही. दोन मिनिटांचं काम म्हणून बसलेल्या माणसाला आरशात स्वतःला पाहिल्यावर बेसही हवा असतो, आणि ते बरोबरही आहे, नुसत्या लिपस्टिकने बाकीचा चेहरा फिका दिसतो. मोकळी आहेत ती मदतनिसाची ७.३० ते ७.४५ ची १५ मिनिटं. तेवढ्यात साधी केशरचना होते. म्हणून उत्तर असं द्या: 'काकू, मेकअपला वेळ नाही, पण साडेसातला या, केस छान बांधून देतो.' आणि तेही नवरीच्या पोशाखाची तयारी आधी झाली असेल तरच. सात दिवस आधी सहावं नाव आलं असतं तर सुरुवात ४.२५ ला करून तिला आईंच्या आधी बसवता आलं असतं, म्हणजे ३.५५ ला पोहोचावं लागलं असतं. हा आकडा घरच्यांना त्याच दिवशी सांगा. बहुतेक वेळा सहावं नाव आपोआप मागे घेतलं जातं, किंवा दुसरी आर्टिस्ट घ्यायला ते तयार होतात.

एक काम मात्र आत्ताच करा, आठवडा आहे म्हणून. ट्रायलला नवरीच्या डोळ्यांना पापण्यांचा गोंद लावला होता का ते आठवा. नसेल तर निदान दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून ठेवायला सांगा, आणि खाज किंवा लाली आली तर लगेच धुऊन तुम्हाला कळवायला सांगा. आईंसाठीही तेच. पहाटे ७.३० ला डोळा लाल झाला तर पापणी काढून, डोळा धुऊन, तो शांत होईपर्यंत थांबून पुन्हा सुरुवात करायला अर्धा तास कमी पडतो, आणि तुमच्याकडे राखीव आहेत फक्त १५ मिनिटं.

पोहोचण्याचा रस्ताही आदल्या दिवशी त्याच वेळी नाही, पण एकदा जाऊन पाहा. गाडी कुठे लावायची, लिफ्ट पहाटे चालू असते का, खोली कितव्या मजल्यावर आहे. तुमच्या घरापासून तिथवर जो वेळ लागेल त्यात २० मिनिटं मिळवा आणि मदतनिसाला थेट हॉलवर बोलावू नका, तुमच्यासोबत एकाच गाडीतून न्या. ती ४.५० ला पोहोचली तर बहिणीचे केस ५.०० ला सुरू होत नाहीत, आणि त्या वीस मिनिटांच्या मागे नवरीचे केस उभे आहेत.